नवी बॅटरी, जुना हिशेब: फोनची टक्केवारी चुकते तेव्हा काय तपासावे आणि काय करावे

फोनची बॅटरी बदलून देणाऱ्याकडे ग्राहक दोन-तीन दिवसांत परत येतो, तेव्हा त्याची तक्रार बहुधा "बॅटरी टिकत नाही" अशा शब्दांत असते. पण नीट चौकशी केली की बऱ्याचदा बॅटरी टिकत असते, फक्त पडद्यावरचा आकडा खोटा असतो. हे दोन दोष वेगळे आहेत आणि त्यांवरचे उपायही वेगळे आहेत. कोल्हापुरात राजारामपुरीत माझे दुरुस्तीचे छोटे दुकान आहे. माझ्याकडे काम शिकायला येणाऱ्या मुलांना हा फरक समजावून सांगताना जे सांगावे लागते, तेच येथे क्रमाने लिहिले आहे. मुख्यतः ज्यांचे टक्केवारीचा हिशेब ठेवणारे फ्युएल गेज मदरबोर्डवर असते अशा अँड्रॉइड फोनांचा येथे विचार केला आहे; आयफोनची रचना वेगळी असल्याने त्याविषयी शेवटाकडे थोडक्यात सांगितले आहे.

टक्केवारी कशी निघते

टक्केवारी हा शाळेत शिकलेला अपूर्णांक आहे. अंशस्थानी बॅटरीत आत्ता शिल्लक असलेला विद्युतभार असतो आणि छेदस्थानी बॅटरी पूर्ण भरल्यावर तीत मावणारा एकूण भार असतो. दोन्ही एमएएचमध्ये मोजतात. हा अपूर्णांक सोडवण्याचे काम फ्युएल गेज नावाचे एक परिपथक करते. काही फोनांत ती स्वतंत्र चिप असते, तर क्वालकॉमच्या बहुतेक फोनांत ती पॉवर आयसीच्या पोटातच असते.

अंश काढण्यासाठी गेजकडे दोन मार्ग आहेत. पहिला म्हणजे बॅटरीच्या वाटेवर बसवलेल्या काही मिलिओहमच्या रोधकावरून किती प्रवाह गेला आणि किती आला याची सतत मोजणी करणे. मोजणी उत्तम असते, पण सुरुवात कोठून करायची हे तिला स्वतःहून कळत नाही, आणि बारीक चुका दिवसागणिक साचत जातात. दुसरा मार्ग म्हणजे बॅटरी निवांत असताना तिचे व्होल्टेज वाचून, त्या जातीच्या सेलसाठी आधीच साठवलेल्या कोष्टकावरून भार किती असेल याचा अंदाज करणे. हा मार्ग वरच्या आणि खालच्या टोकांना भरवशाचा आहे. मधल्या पट्ट्यात मात्र वक्ररेषा इतकी सपाट असते की साधारण २० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान १० मिलिव्होल्टची चूक म्हणजे सुमारे ३ टक्क्यांची चूक होते. म्हणून आजचे गेज दोन्ही मार्ग एकत्र वापरतात, म्हणजे दिवसभर प्रवाह मोजतात आणि संधी मिळेल तेव्हा व्होल्टेजवरून हिशेब दुरुस्त करतात.

छेदाची गोष्ट वेगळी आहे. बॅटरी जुनी होते तशी तिची क्षमता घटते, म्हणून गेज छेद स्थिर ठेवत नाही. वापरातून शिकलेली क्षमता ते आपल्या स्मृतीत नोंदवते आणि तोच आकडा पुढे वापरते. तीन वर्षे वापरलेल्या ४००० एमएएचच्या बॅटरीसाठी ही नोंद समजा २९०० पर्यंत उतरलेली असते. आपण जुनी बॅटरी काढून नवी बसवतो तेव्हा सेल बदलतो, पण अनेक मॉडेलांत बोर्डवरची ही नोंद बदलत नाही. गेजच्या लेखी टाकी अजून जुनीच आणि आटलेलीच असते.

बसवतानाच घ्यायची काळजी

नवी बॅटरी कारखान्यातून साधारण निम्म्याहून कमी भरून येते. कारण अर्धवट भरलेला सेल साठवणुकीत कमी खराब होतो. याचा अर्थ असा की कनेक्टर लावल्यावर गेज पहिला अंदाज करते तो नेमका त्या सपाट पट्ट्यात. त्याच क्षणी फोन सुरू होत असेल, तर पडदा आणि प्रोसेसर मिळून एक अँपिअरच्या आसपास प्रवाह ओढतात. बॅटरी आणि तिची जोडणी यांचा मिळून रोध ०.१ ओहम धरला, तर ०.१ व्होल्टची घट होते, आणि वरच्या हिशेबाने ही चूक ३० टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. चार्जर लावून बॅटरी जोडली तर चूक उलट बाजूला, म्हणजे जास्त दाखवण्याकडे होते.

म्हणून माझ्या टेबलावर नियम असा आहे की चार्जर न लावता कनेक्टर बसवावा, फोन लगेच चालू न करता काही मिनिटे तसाच ठेवावा आणि मग सुरू करावा. घाई असली तरी ही मिनिटे वाचवू नयेत. कनेक्टर बसवताना त्याचा दोन्ही बाजूंना "टक्" असा आवाज आला पाहिजे. एका बाजूने अर्धवट बसलेला कनेक्टर पुढे असा काही घोळ घालतो की शिकाऊ मुलगा दोन दिवस गेजलाच दोष देत बसतो.

आणखी एक सवय लावून घ्यावी. जुनी बॅटरी काढण्यापूर्वी फोन पूर्ण भरून गेजची नोंद टिपून ठेवावी. डेव्हलपर ऑप्शनमधून यूएसबी डीबगिंग सुरू करून, फोन केबलने जोडून संगणकावरून adb या साधनाने पुढील आज्ञा द्यावी:

```
adb shell dumpsys battery
```

उत्तरात level म्हणजे टक्केवारी, voltage म्हणजे मिलिव्होल्ट, temperature म्हणजे अंश सेल्सिअसचा दहावा भाग (३१२ म्हणजे ३१.२ अंश) आणि Charge counter म्हणजे मायक्रोअँपिअर-तासांत शिल्लक भार. पूर्ण १०० टक्के असताना Charge counter जो आकडा दाखवतो, तोच बहुतेक फोनांत गेजच्या मनातला छेद असतो. २९००००० दिसले तर छेद २९०० एमएएच. काही फोनांत शिकलेली क्षमता अशीही वाचता येते:

```
adb shell cat /sys/class/power_supply/battery/charge_full
adb shell "dumpsys batterystats | grep -i capacity"
```

पहिल्या ओळीला अनेक फोन Permission denied म्हणून नकार देतात. तसे झाले तर Charge counter पुरेसा आहे. दुसऱ्या ओळीतली अवतरणचिन्हे गाळू नयेत, नाहीतर विंडोजवर grep सापडत नाही अशी तक्रार येते.

चूक नेमकी कोठे आहे, हे ओळखणे

ग्राहक परत आला की प्रथम त्याच्याकडून तपशील काढून घ्यावा. आकडा कसा चुकतो, यावरून अर्धे निदान होते.

टक्के भराभर उतरतात, पण १ टक्क्यावर येऊन फोन पुढे तासन्‌तास चालतो, असे असेल तर छेद खऱ्या क्षमतेपेक्षा लहान आहे. गेजच्या हिशेबाने टाकी संपली, पण सेलमध्ये भार उरलेला आहे. व्होल्टेज अजून चांगले असल्यामुळे फोन बंद होण्याचे कारण नसते. हा बॅटरीचा दोष नाही.

फोन २० किंवा २५ टक्क्यांवर अचानक बंद पडतो, असे असेल तर दोन शक्यता राहतात आणि त्या एका मोजणीने वेगळ्या करता येतात. फोन बंद पडल्यावर दहा मिनिटे थांबून कनेक्टर काढावा आणि मल्टिमीटरने बॅटरीच्या टोकांवरचे व्होल्टेज पाहावे. ते ३.४ ते ३.६ व्होल्टच्या आसपास असेल, तर सेल खरोखर रिकामा झाला होता. म्हणजे छेद खऱ्या क्षमतेपेक्षा मोठा आहे. गेज ४००० समजते, पण सेल ३२०० चाच आहे. याउलट ३.७५ किंवा त्याहून अधिक व्होल्टेज मिळाले, तर सेलमध्ये भार शिल्लक असताना फोन बंद पडला. अशा वेळी कॅमेरा उघडल्यावर किंवा कॉल आल्यावर दोन अँपिअरचा झटका बसतो, बॅटरीचा अंतर्गत रोध ०.२ ओहम असला तरी ०.४ व्होल्ट उडतात, आणि फोन स्वतःला वाचवण्यासाठी बंद होतो. याला कारण हलक्या दर्जाचा सेल किंवा नीट न बसलेला कनेक्टर असतो. गेज कितीही शिकले तरी हा दोष जात नाही, कारण तो हिशेबातला दोषच नाही. अशा फोनची आणखी एक खूण म्हणजे थोड्या वेळाने पुन्हा चालू केला की तो पुन्हा २४ टक्के दाखवतो, जणू काही झालेच नाही.

पुढची पायरी म्हणजे सेलची खरी क्षमता गेजला न विचारता मोजणे. त्यासाठी चार्जर आणि फोन यांच्यामध्ये लावायचा यूएसबी मीटर लागतो. तो फारसा महाग नसतो आणि बॅटरीचे काम करणाऱ्याकडे असलाच पाहिजे. फोन आपोआप बंद पडेपर्यंत वापरावा, मग साध्या ५ व्होल्टच्या, शक्यतो जलद चार्जिंग न करणाऱ्या चार्जरने बंद अवस्थेत पूर्ण भरावा आणि मीटरवरचा एमएएच नव्हे, तर वॉट-तासांचा आकडा टिपावा. मीटर ५ व्होल्टवर मोजतो आणि सेल ३.८५ व्होल्टचा असतो, म्हणून एमएएचचा आकडा तसाच घेतला तर फसगत होते. वॉट-तासांपैकी सुमारे ८५ टक्के सेलपर्यंत पोचतात असे धरून त्याला ३.८५ ने भागले की क्षमता मिळते. उदाहरणार्थ, मीटरने १७.६ वॉट-तास दाखवले तर १७.६ × ०.८५ = १४.९६, आणि १४.९६ ÷ ३.८५ म्हणजे सुमारे ३.८९ अँपिअर-तास, म्हणजेच ३८९० एमएएच. ४००० लिहिलेल्या बॅटरीसाठी हे समाधानकारक आहे. १४.५ वॉट-तासच गेले तर उत्तर ३२०० येते आणि लेबल खोटे ठरते. ८५ टक्के हा अंदाज असल्यामुळे पाच-सात टक्के इकडेतिकडे होणार हे गृहीत धरावे. पण ३९०० आणि ३२०० मधला फरक या मोजणीतून निसटत नाही.

येथे एक आडवाटेची गोष्ट सांगतो. जुन्या आणि नव्या बॅटरीचे वजन करून पाहण्याचा सल्ला मला गुजरी या सराफ बाजारातल्या एका ओळखीच्या कारागिराने, थट्टेत का होईना, दिला होता. आणि तो चुकीचा नाही. एकाच जातीचे सेल असतील तर क्षमता आणि वजन बरोबर जातात. मूळ बॅटरीपेक्षा हलकी असूनही लेबलवर हजार एमएएच अधिक मिरवणारी बॅटरी मी आता पाकिटातूनही काढत नाही.

गेज कसे शिकते

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. छेद नव्याने शिकण्यासाठी गेजला दोन पक्क्या खुणांमधला भार मोजावा लागतो. निरनिराळे गेज निरनिराळ्या खुणा मानतात. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या पद्धतीत बॅटरी निवांत असताना घेतलेली दोन व्होल्टेज-वाचने लागतात, त्यांच्या दरम्यान पुरेसा भार गेला-आला असावा लागतो आणि दोन्ही वाचने सपाट पट्ट्याबाहेरची असावी लागतात. निवांत म्हणजे चार्जिंगनंतर सुमारे दोन तास आणि रिकामी झाल्यावर सुमारे पाच तास. क्वालकॉमच्या फोनांत शिकण्याची वेळ चार्जिंगचीच असते, आणि आपल्याकडच्या अनेक फोनांना लागू पडत असल्यामुळे ती पद्धत विस्ताराने पाहू.

क्वालकॉमच्या अँड्रॉइड ड्रायव्हरमध्ये मूळ अटी अशा ठेवलेल्या आढळतात. चार्जिंग सुरू होताना टक्केवारी १५ किंवा त्याखाली असावी. बॅटरीचे तापमान १५ ते ४५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान असावे. आणि चार्जिंग मध्ये न तुटता शेवटपर्यंत, म्हणजे फोनने स्वतः "पूर्ण" म्हणून प्रवाह थांबवेपर्यंत, चालावे. या तीनही अटी पाळल्या गेल्या, तरच त्या रात्री आत गेलेल्या भारावरून गेज नवा छेद काढते. मध्येच वीज गेली आणि आली, तर तो प्रयत्न रद्द होतो. ९५ टक्क्यांवर पिन काढली तरी रद्द होतो. ३० टक्क्यांवरून रोज भरला, तर प्रयत्न सुरूच होत नाही. फोन निर्माते हे आकडे आपापल्या मॉडेलसाठी बदलतात, पण तत्त्व हेच राहते.

आणखी एक अट आहे, आणि माझ्या मते सगळ्या गोंधळाचे मूळ तीच आहे. एका प्रयत्नात छेद किती बदलू द्यायचा, यालाही मर्यादा असते. त्या ड्रायव्हरमधल्या मूळ किमतींनुसार छेद एका वेळी फार तर १० टक्क्यांनी खाली येऊ शकतो, पण वर मात्र फक्त अर्ध्या टक्क्याने जाऊ शकतो. हे विचित्र वाटेल, पण ज्यांनी हे ठरवले त्यांच्या दृष्टीने योग्य आहे. बॅटरी म्हातारी होते, तरुण होत नाही. म्हणून क्षमता वाढल्याचे दिसले तर ती मोजणीतली चूक असण्याचीच शक्यता अधिक. बॅटरी बदलणारा दुकानदार या विचारात धरलेला नाही.

याचा परिणाम आकड्यांत पाहू. गेज ४००० समजत असेल आणि बॅटरी ३२०० ची असेल, तर पहिल्या प्रयत्नात ३६००, दुसऱ्यात ३२४० आणि तिसऱ्यात ३२०० होते. तीन नीट चार्जिंगमध्ये २० टक्क्यांवर बंद पडण्याची तक्रार मिटते. पण गेज २९०० समजत असेल आणि बॅटरी ४००० ची असेल, तर एकेका प्रयत्नाला १.००५ ने गुणत जावे लागते, आणि २९०० चे ४००० व्हायला चौसष्टहून अधिक यशस्वी चार्जिंग लागतात. म्हणूनच "दोन-तीनदा पूर्ण उतरवून पूर्ण भरा, ठीक होईल" हा सर्वत्र दिला जाणारा सल्ला एका बाजूला खरा आणि दुसऱ्या बाजूला निरुपयोगी ठरतो.

एक प्रत्यक्ष प्रकरण

करवीर तालुक्यातल्या एका गुऱ्हाळमालकांचा फोन डिसेंबरमध्ये माझ्याकडे आला. मूळ क्षमता ४०००, तीन वर्षांचा वापर. बदलण्यापूर्वी १०० टक्क्यांवर Charge counter २९००००० होता. नवी बॅटरी बसवली, फोन दिला. चौथ्या दिवशी ते परत आले.

"नवी बॅटरी घातली म्हणतायसा, आणि संध्याकाळी पाचलाच एक टक्का दाखवतंय. मग त्या एक टक्क्यावर रात्री नऊपर्यंत फोन चालतोय कसा?"

प्रश्न इतका नेमका होता की उत्तर त्यातच होते. पहाटे पाचला काढलेला फोन रात्री नऊला बंद पडतो, म्हणजे सोळा तास चालतो. त्यांपैकी बारा तासांत गेजचे २९०० संपतात. यूएसबी मीटरवर मोजले तेव्हा १७.६ वॉट-तास गेले, म्हणजे वर दाखवलेल्या हिशेबाने ३८९० एमएएच. बॅटरी खरी होती. Charge counter पुन्हा १०० टक्क्यांवर पाहिला, तर तो २९००००० वरच होता.

त्यांना मी सांगितले की फोन रोज नाहीतरी रिकामा होतोच, तेव्हा रात्री लावून पहाटे पूर्ण झाल्यावरच काढा, आठ दिवसांनी दाखवा. आठ दिवसांनी आकडा बघतो तर २९०० चे २९००. पंधरा टक्क्यांखालून सुरुवात होत होती, चार्जिंग पूर्ण होत होते, तरी गेज हलले नव्हते. राहिली होती ती तापमानाची अट. त्यांच्या फोनमध्ये `*#*#4636#*#*` हा कोड चालत होता आणि त्यात बॅटरीचे तापमान दिसत होते; रात्री चार्जर लावतानाचा त्या पडद्याचा फोटो त्यांना पाठवायला सांगितला. फोटोत ४६.८ अंश होते. हंगामात ते गुऱ्हाळावरच झोपत, चार्जरचा प्लग चुलवाणामागच्या भिंतीला होता आणि दिवसभर काहिली तापवलेले चुलवाण रात्री नऊला काही गार झालेले नसते. पहाटेपर्यंत भिंत निवे आणि फोन भरून जाई, पण सुरुवातच ४५ अंशांच्या वर झाल्यामुळे शिकण्याचा प्रयत्न नोंदला जात नसे.

प्लग दुसऱ्या खोलीत नेला. दुसऱ्या दिवशी आकडा २९१४, त्यानंतर २९२९, मग २९४४. प्रत्येक वेळी अर्धा टक्का, अगदी मापून. हे पाहिल्यावर मला एका बाजूने समाधान वाटले आणि दुसऱ्या बाजूने त्यांना खरे सांगणे भाग पडले की हे काम आठवड्याचे नसून महिन्यांचे आहे. वीज जाते त्या रात्री वाया जाणार. मे महिन्यात मोटारसायकलच्या होल्डरमध्ये उन्हात तापलेला फोन घरी येताच लावला, तर तोही प्रयत्न वाया जाणार. आणि थंडीत पन्हाळ्यावर पहाटे १५ अंशांखाली गार पडलेला फोन उठल्या उठल्या लावला, तर तोही.

दरम्यान त्यांच्या फोनवर दोन गोष्टी बदलल्या. बॅटरी सेव्हर आपोआप सुरू होण्याची सोय बंद केली, कारण तो खोट्या १५ टक्क्यांवर सुरू होऊन फोन विनाकारण मंद करत होता. आणि १ टक्का दिसू लागल्यावर कॅमेऱ्याचा फ्लॅश चालत नाही, तो बिघाड समजू नका, असे सांगून ठेवले.

वाट पाहायची नसेल तर

काही मार्ग आहेत, पण ते मॉडेलवर अवलंबून आहेत. अधिकृत सेवा केंद्राकडे काही कंपन्यांचे असे सॉफ्टवेअर असते की बॅटरी बदलल्यावर शिकलेली क्षमता ते मूळ किमतीवर आणून ठेवते. फोन वॉरंटीत असेल तर हे तेथेच करून घेणे शहाणपणाचे. काही फोनांत बॅटरीचा कनेक्टर काढून बोर्डावरचा उरलासुरला भार निघून जाईपर्यंत थांबले की नोंद आपोआप पुसली जाते; काहींत ती कायमच्या स्मृतीत असल्यामुळे काहीच फरक पडत नाही. जुन्या सॅमसंग फोनांत `*#0228#` दाबल्यावर उघडणाऱ्या पडद्यावर Quick Start असे बटण असे. ते गेजला व्होल्टेज पाहून नव्याने अंदाज करायला लावते. म्हणजे अंश दुरुस्त होतो, छेद नव्हे. ते वापरायचेच तर फोन चार्जरला न लावता, बराच वेळ निवांत ठेवून आणि पडद्याचा उजेड कमी करून वापरावे, नाहीतर मघाशी सांगितलेली ३० टक्क्यांची चूक आपण स्वतःच्या हाताने करून ठेवतो.

फॅक्टरी रीसेटचा या कामी उपयोग होत नाही, कारण गेजची नोंद ग्राहकाच्या फोटो-संपर्कांसारखी साठवलेली नसते. ग्राहकाचा डेटा मात्र जातो, आणि मग तक्रार वेगळीच येते. batterystats.bin ही फाइल पुसण्याचा उपाय तर अनेक वर्षे फिरतो आहे. अँड्रॉइडच्या अभियंत्या डायान हॅकबॉर्न यांनी जानेवारी २०१२ मध्येच स्पष्ट केले होते की त्या फाइलचा दाखवल्या जाणाऱ्या टक्केवारीशी संबंध नाही. कोणत्या ॲपने किती बॅटरी खाल्ली, याची ती केवळ वही आहे. "बॅटरी कॅलिब्रेशन" नावाची बहुतेक ॲप ही वही पुसण्यापलीकडे काही करत नाहीत.

पूर्ण उतरवण्याचा अतिरेकही करू नये. छेद खाली आणायचा असेल तर तीन-चार वेळा १५ टक्क्यांखाली नेणे पुरे. शून्यापर्यंत नेण्याची गरज नाही. आणि बंद पडलेला फोन रात्रभर किंवा आठवडाभर तसाच टाकू नये, कारण सेल आणखी खाली उतरत राहतो आणि फार उतरलेला सेल कायमचा बिघडतो. बॅटरी जराशी जरी फुगलेली दिसली, तर शिकवणे-बिकवणे सोडून ती ताबडतोब काढावी.

आयफोनविषयी थोडे

आयफोनमध्ये फ्युएल गेज बोर्डवर नसून बॅटरीच्याच पट्टीवर असते. त्यामुळे बॅटरी बदलली की गेजही बदलते आणि जुन्या छेदाचा प्रश्न उरत नाही. पण आयफोन एक्सएस आणि एक्सआर यांपासून पुढच्या फोनांत बाहेरची बॅटरी बसवली की सेटिंग्जमध्ये सूचना दिसते, आणि ती टाळण्यासाठी काही कारागीर जुन्या बॅटरीची पट्टी कापून नव्या सेलवर जोडतात. तसे केले की जुन्या सेलची शिकलेली क्षमता आणि चार्जिंगची मोजदाद नव्या सेलच्या माथी बसते, म्हणजे अँड्रॉइडमधला दोष आपण हाताने आयफोनमध्ये आणतो. प्रोग्रामर यंत्राने ती नोंद बदलता येते. ती बदलली होती की नाही, हे ग्राहकाने विचारून घ्यावे. मूळ गेजलाही शिकायला वेळ लागतो, हे ॲपलनेही मान्य केले आहे. २०२१ मध्ये आयओएस १४.५ बरोबर आयफोन ११ मालिकेची बॅटरी-नोंद पुन्हा जुळवून घेण्याची सोय आली, तेव्हा नेहमीच्या चार्जिंगमधून ती जुळायला काही आठवडे लागू शकतील असे कंपनीने सांगितले होते.

गुऱ्हाळमालक मार्चच्या अखेरीस, हंगाम आटोपल्यावर, काकवीचा डबा घेऊन आले. फोन १०० टक्क्यांवर होता आणि Charge counter ३४७० च्या आसपास होता. म्हणजे साडेतीन महिन्यांत छत्तीस चार्जिंग गेजने मानली होती. १ टक्का आता पाचऐवजी सव्वासातला दिसू लागतो आणि फोन पूर्वीसारखाच नऊला बंद पडतो, असे त्यांनी सांगितले. उरलेली अठ्ठावीस एक चार्जिंग पावसाळ्याआधी होतील का, हे मी त्यांच्या भागातल्या विजेवर सोपवले.